ताशी साडेसहा किलोमीटरच्या खाली: रोजच्या ट्रॅफिकसाठी मॅन्युअल, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी की ड्युअल क्लच?

माझी धाकटी बहीण पुण्यात वारज्याला राहते आणि हिंजवडीला नोकरी करते. अंतर जेमतेम अठरा किलोमीटर, पण संध्याकाळी परतायला कधी तास लागतो, कधी सव्वा तास. तिने चार वर्षं वापरलेली एक ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. हायवेवर ती लोण्यासारखी चालायची. ३८ हजार किलोमीटर झाले आणि वारज्याकडून चांदणी चौकाचा चढ गर्दीत चढताना गाडी थरथरायला लागली. आधी फक्त दुपारच्या उन्हात थरथरायची, मग रोजच. वॉरंटी संपलेली होती आणि क्लचच्या सेटचं अंदाजपत्रक आलं ९२ हजारांचं.

मी त्या वर्कशॉपमध्ये तिच्यासोबत होतो. गिअरबॉक्स उतरवल्यावर फोरमनने क्लचची प्रेशर प्लेट हातात दिली. तिच्यावर निळसर-जांभळे डाग पडले होते आणि जळक्या ब्रेकसारखा वास येत होता. "ताई, गाडीत खोट नाही. हिला सारखी रांगायला लावलीय, हिला ते काम जमत नाही," तो म्हणाला. गाडी घेण्याआधी मायलेज, सनरूफ, एअरबॅग सगळं तपासलं होतं. रोजच्या रस्त्यावर ही गाडी किती वेळ रांगणार आहे, एवढंच मोजलं नव्हतं. हा लेख त्या मोजणीबद्दल आहे, कारण गर्दीत कुठला गिअरबॉक्स टिकेल याचं निम्मं उत्तर तिच्यातच मिळतं.

साडेसहाचा आकडा कुठून आला

पेट्रोल इंजिन बंद न पडता मिनिटाला कमीत कमी साधारण ८०० फेरे घेतं. लहान गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाचे १४ फेरे झाले की चाकाचा ढोबळमानाने एक फेरा होतो. म्हणजे चाक मिनिटाला ५७ फेरे घेतं. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर मिनिटाला १०८ मीटर अंतर जातं, म्हणजेच ताशी साडेसहा किलोमीटर. गाडीगणिक हा आकडा पाच ते आठच्या दरम्यान सरकतो.

पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण सोडून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सपाटीवर जाऊ देत असाल तर ती याच वेगाने जाते. ट्रॅफिक याहून सावकाश सरकत असेल तर इंजिन आणि चाक यांचा मेळ बसत नाही. इंजिन ८०० च्या खाली उतरू शकत नाही आणि चाक तेवढं फिरू शकत नाही. मग मधल्या कुणालातरी घसरावं लागतं. मॅन्युअलमध्ये क्लच प्लेट घसरते, कोरड्या ड्युअल क्लचमध्येही कोरडी प्लेटच घसरते, ओल्या ड्युअल क्लचमध्ये तेलात बुडालेल्या प्लेटा घसरतात आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये निव्वळ तेल घसरतं. आजच्या बहुतेक सीव्हीटींच्या पुढेही टॉर्क कन्व्हर्टरच बसवलेला असतो, त्यामुळे तिथेही तेलच घसरतं.

चढावर हे किती महागात जातं त्याचा हिशेब करू. माणसांसकट १२०० किलोची गाडी आहे आणि शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता आहे. ब्रेक न दाबता अर्ध्या क्लचवर गाडी जागच्या जागी धरली आणि इंजिन १२०० फेऱ्यांवर असलं, तर क्लचमध्ये अडीच किलोवॅटच्या आसपास उष्णता तयार होते. घरातला गीझर साधारण दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे पाण्याविना चालू असलेला गीझर एका बंद डब्यात ठेवल्यासारखं झालं. सिग्नलला मिनिटभर असं उभं राहणं ही क्लचसाठी मोठी शिक्षा आहे, आणि मॉलच्या पार्किंगचा रॅम्प तर आठ टक्क्यांहून बराच उभा असतो.

पहिली पायरी: आपला रस्ता मोजा

शोरूमला जाण्याआधीच्या आठवड्यात आपल्याच रस्त्याची मोजणी करा. स्वतः चालवताना करू नका, शेजारी कुणाला तरी बसवा. तीन गोष्टी लिहायच्या: गाडी पूर्ण थांबून पुन्हा किती वेळा निघाली, चालत्या माणसाहून सावकाश किती मिनिटं सरकली आणि त्यातली किती मिनिटं चढावर होती. एक सकाळ, एक संध्याकाळ आणि पावसाचे दिवस असतील तर एक पावसाळी संध्याकाळ एवढं पुरतं.

बहिणीच्या शेजारी बसून मी पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. हिंजवडीतून निघून वाकडच्या पुलापर्यंतच पानाचा अर्धा भाग भरला. वारज्याला पोचेपर्यंत ९६ वेळा गाडी थांबून निघाली होती. चालण्याच्या वेगाखाली २६ मिनिटं गेली, त्यातली सातेक चढावर. सकाळी गर्दी थोडी कमी असते म्हणून दोन्ही फेऱ्या मिळून दिवसाला १५० धरले आणि वर्षाचे २४० दिवस धरले, तर वर्षाला ३६ हजार वेळा गाडी शून्यातून उठते. किलोमीटर मात्र वर्षाला नऊ हजारसुद्धा होत नाहीत. म्हणूनच "फक्त ३८ हजार चाललीय" या वाक्याला शहरात फारसा अर्थ नाही. तेवढेच किलोमीटर पुणे-नाशिक करणाऱ्याच्या गाडीचा क्लच जवळजवळ कोरा असू शकतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे. एका फेरीत रांगण्याची मिनिटं दहाच्या आत असतील तर चारही गिअरबॉक्स चालतील, आवडीने निवडा. वीसच्या वर असतील आणि वाटेत चढही असेल, तर कोरड्या क्लचचा कुठलाही ऑटोमॅटिक मी घेणार नाही. मधल्या लोकांनी पुढचं वाचून ठरवावं.

दुसरी पायरी: गाडीत नेमकं काय आहे ते शोधा

"ऑटोमॅटिक" हा शब्द ऐकून सौदा करू नका. एकाच नावाच्या गाडीत इंजिनानुसार गिअरबॉक्स बदलतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेली क्रेटा घ्या. साध्या १.५ पेट्रोलला मॅन्युअल किंवा सीव्हीटी होता आणि ह्युंदाई त्याला आयव्हीटी म्हणते. टर्बो पेट्रोलला सात गिअरचा ड्युअल क्लच होता आणि डिझेलला मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. एकाच शोरूममध्ये, एकाच नावाखाली चारही प्रकार मिळत होते. कुशाक आणि टायगुन २०२१ मध्ये आल्या तेव्हा १.० लिटरला टॉर्क कन्व्हर्टर होता आणि महागड्या १.५ लिटरला कोरडा ड्युअल क्लच. वारजे-हिंजवडी करणाऱ्याला यातला स्वस्त पर्याय अधिक सोयीचा ठरला असता, हे सेल्समन आपणहून सांगत नाही.

ड्युअल क्लच असेल तर कोरडा की ओला, हा प्रश्न विचाराच. २०२२ मध्ये अल्ट्रोझला आलेला ड्युअल क्लच ओला होता. सेल्समनला माहीत नसेल तर सर्व्हिस सल्लागाराला गाठा.

एएमटी हा पाचवा प्रकार बजेटमधल्या गाड्यांत भरपूर दिसतो. तो आतून मॅन्युअलच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. त्यामुळे साडेसहाचा नियम त्यालाही लागू आहे. क्लच प्लेट मात्र साधी, एकच आणि स्वस्त असते.

मॅन्युअल: झिजतो, पण परवडतो

शहरातल्या मॅन्युअलचा क्लच झिजणारच. चालवणाऱ्याच्या सवयीप्रमाणे तो ४० हजारांवर जातो किंवा लाखभर टिकतो. लहान पेट्रोल गाडीत प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा तीन नगांचा सेट कोपऱ्यावरचा चांगला मेकॅनिकही एका दिवसात बसवतो. खर्च गाडीगणिक बदलतो, पण कोरड्या ड्युअल क्लचपेक्षा कितीतरी कमी येतो. बऱ्याच डिझेल आणि मोठ्या टर्बो गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे हादरे शोषणारं दुहेरी जड चाक असतं. तेही बदलावं लागलं तर मॅन्युअल स्वस्त उरत नाही. वापरलेली डिझेल घेताना हे आधी विचारा.

क्लच संपत आलाय का, ते ओळखणं सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. टॅकोमीटरचा काटा झपकन चढला आणि गाडी मागे राहिली तर प्लेट घसरतेय.

सवयी दोनच सांभाळायच्या. सिग्नलला न्यूट्रल करून क्लचवरून पाय पूर्ण काढायचा, म्हणजे बेअरिंग वाचतं. आणि चढावर गाडी हँडब्रेकने धरायची, अर्ध्या क्लचने नाही. गुडघा दुखायला लागला असेल तर मात्र मॅन्युअलचा हट्ट धरू नका. बहिणीने मॅन्युअल सोडली त्याचं कारण तेच होतं.

टॉर्क कन्व्हर्टर: रांगण्यासाठीच जन्मलेला

एकमेकांसमोर ठेवलेले दोन पंखे डोळ्यांसमोर आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो, आणि दुसरा हाताने धरून ठेवला तरी पहिल्याचं काही बिघडत नाही. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं, आणि मधला स्टेटर ते तेल असं वळवून परत पाठवतो की निघताना जोर वाढतो. घसरण तेलात होते, तेल कूलरमध्ये जाऊन थंड होतं, आणि निघताना कुठलीही प्लेट घासत नाही. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो.

त्यामुळे याची काळजी जवळजवळ पूर्णपणे तेलाची काळजी आहे. बऱ्याच कंपन्या या तेलाला "आयुष्यभराचं" म्हणतात. ओनर्स मॅन्युअलमध्ये मागे कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो, तो वाचा. सतत थांबत-निघत चालणं, धूळ आणि उष्ण हवा हे सगळं त्या तक्त्यात कठीण वापर म्हणून मोडतं, आणि आपला रोजचा रस्ता तोच असतो. तक्त्यात वेगळा आकडा नसेल तर शहरातल्या गाडीचं तेल मी ४० ते ६० हजारांच्या दरम्यान बदलून घेईन.

तेल बदलताना एक गोष्ट समजून घ्या. खालचा बोल्ट काढला की निम्म्याच्या आसपासच तेल बाहेर येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा बदलून काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा बदलणं चांगलं. अनेक नव्या गाड्यांत तपासायची पट्टीच नसते. तेल ठरावीक तापमानाला आणून पातळीच्या बोल्टमधून थेंब-थेंब गळेपर्यंत भरायचं असतं. "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. कमी तेल आणि जास्त तेल, दोन्ही घातक आहेत.

जुन्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाकून बघा. नवं तेल बहुतेक गाड्यांत लाल असतं. तपकिरी झालं तर म्हातारं झालंय. काळं, जळक्या वासाचं आणि मधोमध बारीक काजळी राहिली तर आतल्या क्लच प्लेटा झिजतायत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर तेलात पाणी किंवा कूलंट शिरलंय, गाडी तिथेच थांबवा. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स तुंबलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. मुंबईत जुलैमध्ये सबवेतून गाडी काढली असेल तर हा थेंब जरूर तपासून घ्या.

बिघाडाची पहिली खूण म्हणजे ताशी पन्नास-साठला हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर. ती लॉक-अप क्लचची असते आणि वेळेत योग्य तेल बदललं तर अनेकदा जाते.

सीव्हीटी: गर्दीत निवांत, झटक्याने हैराण

इथे गिअर नसतात. दोन पुलींच्या मध्ये पोलादी पट्टा किंवा साखळी असते, पुली मिटतात-उघडतात आणि प्रमाण सलग बदलत राहतं. पट्ट्याला पकडून ठेवतो तो तेलाचा दाब. समोर टॉर्क कन्व्हर्टर असल्याने रांगण्याचा भार पट्ट्यावर येत नाही, म्हणून हिंजवडीच्या गर्दीला सीव्हीटी चांगला. जुन्या गाड्यांत तसं नव्हतं. होंडाच्या काही आधीच्या सीव्हीटींमध्ये कन्व्हर्टरऐवजी स्टार्ट क्लच असायचा आणि निघताना तोच झिजायचा. फार जुनी गाडी घेत असाल तर विचारा.

पट्ट्याचा शत्रू म्हणजे अचानक झटका. चिखलात चाक गरगर फिरलं आणि एकदम डांबराला लागलं, किंवा गाडी मागे सरकत असतानाच डी टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की पट्टा क्षणभर पुलीवर घसरतो आणि गुळगुळीत पोलादावर ओरखडा उठतो. तो ओरखडा भरून येत नाही, उलट त्याचा कीस तेलात फिरत राहतो. वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी आणि ताशी वीस-चाळीसच्या दरम्यानचे हिसके ही त्याची लक्षणं. तेव्हा दुरुस्तीपेक्षा बरेचदा पूर्ण गिअरबॉक्सच बदलायला सांगतात आणि तो आकडा वापरलेल्या गाडीच्या किमतीच्या अंगावर येतो. अमेरिकेत निस्सानला २००३ ते २०१० च्या गाड्यांच्या सीव्हीटीची वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली होती, यावरून ही भीती उगाच पसरलेली नाही हे कळतं. नंतरचे सीव्हीटी बरेच सुधारले आहेत.

तेल मात्र कंपनीने सांगितलेलंच हवं. साधं ऑटोमॅटिकचं तेल सीव्हीटीत घातलं तर पट्ट्याची पकड सुटते. वापरलेली गाडी घेताना सीव्हीटी तेल बदलल्याचं बिल मागा. ६० हजारांच्या पुढच्या गाडीत बिल नसेल तर मी ती सोडून देतो.

ड्युअल क्लच: कोरडा आणि ओला वेगळे समजा

यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा. पुढचा गिअर आधीच तयार असतो म्हणून बदल क्षणात होतो. हायवेवर याच्यासारखी मजा नाही. पण यात कन्व्हर्टर नसतो, साडेसहाच्या खाली प्लेटच घसरते, आणि कोरड्या प्रकारात तिला थंड करायला तेल नसतं. त्यात मायलेजसाठी संगणक लवकर दुसरा गिअर टाकतो. दुसऱ्या गिअरला तोच हिशेब ताशी अकरा-बाराच्या घरात जातो, त्यामुळे घसरण आणखी वाढते. पहिला-दुसरा-पहिला असं हेलकावत दोन्ही क्लच तापतात.

फोर्डचा पॉवरशिफ्ट नावाचा कोरडा ड्युअल क्लच याच थरथरीमुळे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कोर्टात गेला. भारतातही २०१७ च्या इकोस्पोर्टमध्ये फोर्डने ड्युअल क्लच काढून टॉर्क कन्व्हर्टर दिला. फोक्सवॅगनला २०१३ मध्ये सात गिअरच्या कोरड्या डीएसजीसाठी, म्हणजे तिच्या ड्युअल क्लचसाठी, चीनमध्ये मोठी रिकॉल करावी लागली. तिथला प्रश्न प्लेटांपेक्षा मेकॅट्रॉनिक्स नावाच्या नियंत्रण भागाचा होता, म्हणून वापरलेली गाडी घेताना क्लच आणि मेकॅट्रॉनिक्स या दोन्हींचा इतिहास तपासा. ओला प्रकार उष्णता तेलात सोडतो आणि गर्दी अधिक सोसतो. मात्र त्याचं तेल वेळेवर बदललंच पाहिजे, कारण प्लेटांची झीज त्याच तेलात उतरते.

गाडी घेतलीच असेल तर ती अशी वाचवा. ब्रेक एकतर पूर्ण दाबा किंवा पूर्ण सोडा. पूर्ण दाबला की संगणक क्लच सोडून देतो. अर्धवट दाबला तर गाडी पुढे ढकलत राहते आणि तुम्ही मागे ओढत राहता, झिजते ती मधली प्लेट. पुढच्या गाडीला दोन-तीन गाड्यांएवढं अंतर पडू द्या आणि मग एका दमात निघा, म्हणजे वेग साडेसहाच्या वर जाऊन क्लच पूर्ण बसेल. लांब जाममध्ये मॅन्युअल मोडला घेऊन पहिलाच गिअर धरून ठेवा. चढावर गाडी ब्रेकने किंवा ऑटो होल्डने धरा, अ‍ॅक्सिलरेटरने कधीच नाही. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन पी टाका आणि गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थंड होऊ द्या.

शेवटची पायरी: टेस्ट ड्राइव्ह गर्दीतच घ्या

शोरूमवाले मोकळ्या रस्त्यावर नेतात. तुम्ही संध्याकाळी सहाची वेळ मागा. गाडी अर्धा तास गर्दीत तापवा आणि मग रॅम्पवर न्या. तिथे थांबून, ब्रेक हळूहळू सोडून ती कशी उठते ते बघा. थरथर, मागे सरकणं किंवा जळका वास आला तर पुढे बोलू नका. वापरलेल्या गाडीत ही चाचणी करण्याआधी थंड इंजिनावर आर आणि डी टाकून बघा. गिअर लागायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागला किंवा मोठा धक्का बसला तर आत काहीतरी आहे. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

बहिणीने क्लच बदलून घेतला आणि तीन महिन्यांनी ती गाडी विकली. घेणाऱ्याला बिल दाखवलं आणि गर्दीचं सगळं सांगितलं. तो सातारा-कोल्हापूर फिरणारा माणूस होता, त्याला ती हवीच होती. तिने मग सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची साधी पेट्रोल गाडी घेतली. मायलेज लिटरमागे दोनेक किलोमीटर कमी मिळतं, त्याची कुरकुर ती अजून करते. पण चांदणी चौकाच्या चढावर आता थरथर नाही, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात तिने एक चिठ्ठी चिकटवली आहे: "४० हजारला गिअर ऑइल, पुन्हा पाचशे किमीनंतर."